वेळ कुणाच्या खिशातून?

जॉन कॅरोल हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. परकी भाषा कोण किती लवकर शिकेल, याचा अंदाज बांधणाऱ्या चाचण्यांवर त्याने १९५०च्या दशकात काम केले. त्यातून त्याच्या मनात बसलेली गोष्ट त्याने १९६३ साली एका लेखात मांडली. ‘कुवत’ म्हणजे मूल कुठवर पोहोचेल याची मर्यादा नव्हे. तिथे पोहोचायला त्याला किती वेळ लागेल, याचे ते माप. ज्याला जेवढा वेळ लागतो तेवढा मिळाला आणि त्याने तो खर्ची घातला, तर शिकणे पुरे होते.

हे प्रत्यक्षात करून पाहणारे गाव शिकागोजवळच होते. विनेटका येथे कार्लटन वॉशबर्न १९१९ साली शाळांचा अधीक्षक झाला. तिथे गणित, वाचन, शुद्धलेखन हे विषय प्रत्येक मूल आपापल्या गतीने शिके. स्वाध्यायपुस्तिकेतली उत्तरे स्वतः तपासायची, मग बाईंकडून चाचणी घ्यायची, ती पार पडली की पुढचा धडा. नापास होऊन वर्ष पुन्हा करण्याची भानगड नव्हती. दिवसाचा उरलेला भाग सर्वांनी मिळून करायच्या कामांसाठी राखलेला असे. मात्र अशी पुस्तके खास तयार करावी लागत आणि एका वर्गात प्रत्येकजण वेगळ्या पानावर असे. बहुतेक शाळांना हे झेपण्यासारखे नव्हते.

शिकागो विद्यापीठातल्या बेंजामिन ब्लूमने १९६८ साली तडजोड सुचवली. वर्ग एकत्रच चालू द्यावा, पण दर एक-दोन आठवड्यांनी घटक संपला की छोटी चाचणी घ्यावी. गुण देण्यासाठी नव्हे, कोण कुठे अडले ते कळण्यासाठी. आपल्याकडे ‘आकारिक मूल्यमापन’ म्हणतात त्याची मूळ कल्पना मायकेल स्क्रिव्हनची, १९६७ची. ब्लूमने ती उचलली. (आपल्याकडे ती गुणपत्रकाचा रकाना होऊन बसली, हा भाग वेगळा.)

समजा, घटक अपूर्णांकांच्या बेरजेचा आहे. चाचणीत काही मुले १/२ + १/३ = २/५ असे लिहितात. अंशात अंश, छेदात छेद. या मुलांकडून तशीच आणखी वीस गणिते करून घेणे म्हणजे चूक घटवून घेणे. दुरुस्ती वेगळ्या वाटेने व्हायला हवी: उत्तर अर्ध्याहून मोठे की लहान, एवढेच आधी विचारावे. २/५ अर्ध्याहून लहान; मग अर्ध्यात भर घालून ते घटले कसे? नंतर कागदाच्या पट्टीला घड्या घालून सहा सारखे भाग करावेत, तीन आणि दोन मोजून पाच-षष्ठांश दाखवावे. त्यानंतर पहिलीशी समांतर, पण आकडे वेगळे असलेली दुसरी चाचणी. आकडे तेच ठेवले तर पाठांतर तपासले जाते.

ज्यांना पहिल्यांदाच जमले त्यांचे काय? पुढचा धडा दिला तर वर्ग फुटतो. तेच काम जास्त दिले तर हुशारीची शिक्षा होते. त्यांना खोल नेणारे काम हवे. प्राचीन इजिप्तचे लोक बहुतेक अपूर्णांक अंशस्थानी एक असलेल्या निरनिराळ्या अपूर्णांकांच्या बेरजेने लिहीत. तोच २/५ तसा लिहून दाखवा, म्हणावे. (१/३ + १/१५ होतो.)

आता हिशेब. वर्षाला गणिताचे १६० तास, घटक सोळा, प्रत्येकी दहा तास. प्रत्येक घटकात दुरुस्तीसाठी दोन तास वाढवले की तेरा घटकांतच वर्ष संपते. तीन घटक कुणालाच मिळत नाहीत. ब्लूमला हे दिसत होते. म्हणून त्याने दोन-तीन मुलांच्या गटांनी आठवड्याला तासभर एकत्र बसून चुका निस्तराव्यात, असे सुचवले. शिवाय त्याचा विश्वास होता की आधीचे कच्चे राहिले नाही की पुढच्या घटकांत मागे पडणाऱ्यांना लागणारा जादा वेळ आपोआप घटत जाईल.

हा विश्वास तपासला कॅनडातल्या मार्शल आर्लिनने. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत मुलांच्या वेळेतली तफावत घटकागणिक कमी होताना दिसली नाही. रॉबर्ट स्लेव्हिनने १९८७ साली दुखऱ्या जागी बोट ठेवले: दुरुस्ती वर्गाच्या वेळेतच केली, तर ती रॉबिन हूडची वाटणी होते, जलद मुलांकडून घेऊन संथ मुलांना दिलेली. निदान चार आठवडे चाललेले प्रयोग त्याने तपासले. शिकवलेल्या भागावरच बेतलेल्या चाचण्यांत माफक फायदा होता, सर्वसाधारण प्रमाणित चाचण्यांत जवळजवळ शून्य. विरुद्ध बाजूने कुलिक दांपत्य आणि बँगर्ट-ड्राउन्स यांनी १९९० साली शंभराहून अधिक अभ्यास एकत्र केले. त्यांना फायदा स्पष्ट दिसला, आणि तो मागे पडणाऱ्यांना अधिक.

मला दोन्ही निष्कर्ष खरे वाटतात. अपूर्णांकांची चाचणी अपूर्णांक जमले का ते सांगते. वर्षाअखेरची सर्वसाधारण चाचणी राहून गेलेले तीन घटकही विचारते. स्लेव्हिनची रॉबिन हूडची उपमा मात्र मला अर्धीच पटते. इजिप्तचे अपूर्णांक मांडत बसलेल्या मुलाचा वेळ लुटला गेला असे म्हणवत नाही. पण ते काम तयार करायला शिक्षिकेला रात्री वेळ मिळाला नाही, आणि त्या मुलाला फक्त ‘शांत बस’ सांगितले गेले, तर तो तास नक्कीच त्याच्या खिशातून गेला.