प्लांट लेआउट: प्रश्नातून प्रकार कसा ओळखायचा?

ऑपरेशन्सच्या प्रश्नात आधी बघा, बनणारी वस्तू फिरते की जागेवरच राहते? मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये जहाज जागेवर असतं. कामगार, क्रेन आणि सुटे भाग त्याच्याकडे येतात. हा फिक्स्ड पोझिशन लेआउट.

वस्तू फिरत असेल, तर तिची वाट बघा. कार कारखान्यात प्रत्येक गाडी त्याच क्रमाने पुढे सरकते, म्हणून प्रॉडक्ट लेआउट. जॉबवर्कच्या वर्कशॉपमध्ये लेथ एकीकडे, ड्रिलिंग दुसरीकडे आणि प्रत्येक ऑर्डरची वाट वेगळी, म्हणून प्रोसेस लेआउट.

‘मोठी वस्तू म्हणजे फिक्स्ड’ असं मात्र धरू नका. बोइंग ७३७ अमेरिकेत रेंटनला सरकत्या लाइनवर जोडलं जातं, कारण एकाच घडणीची विमानं सतत बनवायची असतात. प्रश्नात आकार दिसला, तरी संख्या आणि व्हरायटी तपासूनच उत्तर लिहा.