पावसाआधीचं आंबट

मैत्रिणींनो, माझं माहेर घाटावरचं, सांगलीजवळचं. आमच्याकडे आमटीला आंबटपणा म्हणजे चिंच. बी.कॉम. झाले, लग्न झालं आणि मालवणला आले, तर सासरच्या स्वयंपाकघरात चिंचेचा गोळा औषधालाही नाही! आमटीत आमसूल, उसळीत आमसूल, उन्हातून आलेल्या माणसाच्या पेल्यात आमसुलाचं पाणी. इथे आमसुलाला सोलं म्हणतात आणि त्यावरूनच सोलकढी हे नाव पडलं. ज्या फळाची ही साल, त्याला कुणी रातांबा म्हणतं, कुणी भिरंड, कुणी कोकम.

मालवणी जेवण म्हटलं की बाहेरच्या माणसाला मासे, लसूण आणि लालभडक मसाला आठवतो. आपल्या घरातली नवी सून इथे आली की तिलाही वाटतं, या जेवणात आपलं काय? मलाही तसंच वाटलं होतं. पण हळूहळू लक्षात आलं की या जेवणाची जुनी चव मसाल्याची नाहीच. ती आहे नारळ आणि रातांब्याची.

लाल मिरची ही अमेरिका खंडातली. पोर्तुगीज जहाजांबरोबर सोळाव्या शतकात ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. त्याआधी तिखटासाठी काळी मिरी होती, वासासाठी तिरफळ होतं. रातांबा मात्र या सह्याद्रीच्या उतारावरचाच. गार्सिया द ओर्ता नावाचे एक पोर्तुगीज वैद्य 1534 साली गोव्यात आले आणि तिथेच राहिले. इथल्या औषधी आणि फळांवर त्यांनी लिहिलेलं पुस्तक 1563 साली गोव्यातच छापलं गेलं. त्यात भिरंडाची नोंद आहे. बाहेरून लालसर, आतून रक्तासारखं लाल आणि फार आंबट, असं त्यांनी वर्णन केलं आहे. आणि पुढे लिहिलं आहे की याची साल राखून ठेवतात आणि शिरका करायला समुद्रमार्गे बाहेर नेतात.

मी हे वाचलं तेव्हा माझ्यातली कॉमर्सवाली जागी झाली. साल राखून ठेवतात, याचा अर्थ साडेचारशे वर्षांपूर्वी हे फळ नुसतं झाडाखाली वेचून खाल्लं जात नव्हतं. ते टिकवायची रीत लोकांना ठाऊक होती, आणि जहाजाच्या दमट पोटातून पार जाईल इतकं पक्कं टिकवायची. ही रीत किती अवघड आहे ते मला पहिल्याच वर्षी कळलं.

रातांबा साधारण एप्रिलपासून पिकायला लागतो. भर येतो मे महिन्यात. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस दारात. म्हणजे वर्षभराचं आंबट करायला हातात जेमतेम महिना-दीड महिना. माझ्या पहिल्या वर्षी सासूबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. मी शेजारच्या काकींना विचारून सोलं घातली. तीन पुटं झाली आणि वळवाचा पाऊस आला. मी घाबरून सगळी गोळा केली, घरात पंख्याखाली एक दिवस ठेवली आणि बरणी भरून टाकली. काकी कुंपणापलीकडून ओरडल्या, "सोलां आजून सुकूक नाय, बरणीत घालू नको!" मला वाटलं, वरून तर कोरडी दिसताहेत. आषाढात बरणी उघडली तर आत पांढरी बुरशी. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. बरणी घेऊन परसात गेल्या आणि सगळं खड्ड्यात टाकलं. ते वर्ष आम्ही विकतच्या आमसुलावर काढलं. मालवणात आमसूल विकत आणणं म्हणजे काय, ते इथल्या बाईलाच कळेल.

दुसऱ्या वर्षी सासूबाईंनी शेजारी बसवून शिकवलं. ते तसंच तुम्हाला सांगते.

दहा किलो पिकलेले रातांबे घ्यायचे. गडद लाल-जांभळे झालेले, पण घट्ट. फुटलेले, मऊ पडलेले आणि कीड लागलेले बाजूला काढायचे. आपल्या घरात हे निवडणं तसंही डोळ्यांत तेल घालून होतं. धुऊन, पूर्ण कोरडे करून प्रत्येकाचे दोन भाग करायचे. साल वेगळी आणि आतला पांढरा गर बियांसकट वेगळा. गर मोठ्या पातेल्यात घालून त्यात एक किलोभर जाडं मीठ टाकायचं. मिठाने गराला पाणी सुटतं. हे पाणी म्हणजेच सगळी करामत. पातेलं स्टीलचं किंवा चिनी मातीचं हवं. लोखंड, तांबं, पितळ नको, कारण हे आम्ल धातूला खातं आणि सोलं काळी पडून कडवट लागतात.

साली त्या खारट-आंबट रसात रात्रभर बुडवून ठेवायच्या. सकाळी निथळून कडक उन्हात पसरायच्या, संध्याकाळी पुन्हा रसात. याला पूट देणं म्हणतात. चार-पाच पुटं हवीत. नुसती साल एकदाच वाळवली तर ती पातळ आणि फिकी होते. दर पुटाला साल गराचं आंबट आणि मीठ पिते, उन्हात त्यातलं पाणी उडतं आणि आंबट-मीठ मागे राहतं. शेवटी सालीत मीठ आणि आम्ल इतकं दाटतं की बुरशीला त्यात जगता येत नाही. मात्र आत पाणी राहिलं तर हे गणित मोडतं. माझं मोडलं ते तिथेच.

सुकलं की नाही ते वरून बघून कळत नाही. सासूबाईंची परीक्षा अशी: जाडसर सोल घेऊन मधोमध दुमडायचं आणि दुमडीवर बोटाने दाबायचं. बोटाला ओल लागली तर अजून ऊन हवं. चामड्यासारखं लवचीक, पण बोट कोरडं राहिलं तर झालं. मग एक दिवस सावलीत गार करून बरणीत भरायचं. ऊन ऊन भरलं तर बरणीच्या आत घाम धरतो आणि पुन्हा तेच. आमच्या दहा किलोंतून एक-सव्वा किलो सोलं निघतात. एवढ्यात आम्हा सहा माणसांचं वर्ष निघतं.

उरलेल्या मीठ-रसालाही वाया घालवत नाहीत. वेगळं आगळ करायचं असेल तर सालीचे तुकडे करून एक किलोला दीडशे-दोनशे ग्रॅम मीठ लावून आठवडाभर बरणीत ठेवतात, रोज ढवळतात आणि जांभळा रस गाळून घेतात. ज्या घरात ओल्या खारवलेल्या पदार्थाची मर्यादा पाळतात, तिथे आगळ चालणार नाही. आपापल्या घरच्या नियमाप्रमाणे बघा. उन्हात कोरडं केलेलं आमसूल त्यांच्यासाठी सोयीचं.

बियाही ठेवायच्या. धुऊन, वाळवून, फोडून आतला गर कुटतात आणि पाण्यात उकळतात. वर तेल तरंगतं. गार झालं की ते मेणासारखं घट्ट होतं, त्याचे मुठीत मावणारे गोळे करतात. कुणी त्याला भिरंडेल म्हणतं, कुणी मुठेल. पावसाळ्यात भेगाळलेल्या टाचांना आजही हेच लावते मी.

आता यातली एक गंमत. साल, मीठ आणि ऊन ही तिन्ही एकाच महिन्यात हाताशी येतात. मिठागरंही उन्हाळ्यातच पिकतात, कारण पाऊस आला की खाडीचं खारं पाणी पातळ होतं आणि वाफे बुडतात. वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याची मिठागरं जुनी. तिथेच 1930 च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला. मिठावरचा सरकारी कर म्हणजे काय, हे शाळेच्या पुस्तकातून मला कधी नीट कळलं नव्हतं. दहा किलो रातांब्यांना किलोभर मीठ ओतताना कळलं. ज्या बाईचं वर्षाचं आंबट मिठावर टिकतं, तिच्या चुलीपर्यंत तो कर पोहोचत होता.

पावसाशी ही शर्यत आजही संपलेली नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' ही रातांब्याची जात काढली, तिचा मोठा गुण म्हणजे फळं पावसाआधी तयार होतात. आणि कलमं लावायचं आणखी एक कारण आहे. रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बी लावलं तर सहा-सात वर्षं पाणी घातल्यावर कळतं की झाड नर निघालं, फळ येणारच नाही. कलम घेतलं तर हा जुगार राहत नाही.

आता आपली सोलकढी. दहा-बारा सोलं वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा आणि कुस्करून गाळा. एका नारळाचं खोबरं, एक हिरवी मिरची आणि अर्धा चमचा जिरं वाटून दोनदा दूध काढा. लसणीऐवजी चिमूटभर हिंग, थोड्या पाण्यात विरघळवून. नारळाच्या दुधात आमसुलाचं पाणी हळूहळू घाला. फिका गुलाबी रंग आला की थांबा. मीठ चाखूनच घाला, कारण सोलांत ते आधीच आहे. कढी म्हणून गरम करू नका. आंबट आणि आच एकत्र आली की नारळाचं दूध फुटतं. केल्यावर त्याच जेवणात संपवा.

बाजारची सोलं घेणार असाल तर एक तुकडा पाण्यात टाकून बघा. खरा रंग सावकाश उतरतो. त्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर खऱ्या आमसुलाचं लाल पाणी निळसर-हिरवट होतं. लालच राहिलं तर रंग बाहेरून लावलेला आहे असं समजा.

सासूबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या मे महिन्यात माझी सून शेजारी बसली होती. तिसऱ्या पुटाला तिने विचारलं, "आई, आता भरूया का?" मी तिच्या हातात एक सोल दिलं आणि म्हटलं, "दुमडून बघ." तिचं बोट ओलं झालं. तिने काही न बोलता सुपातली सोलं पुन्हा उन्हात पसरली.