देवमाशाचे गाणे

वाचकहो, २०१६ च्या जानेवारीअखेर अंधेरीजवळच्या जुहूच्या वाळूवर एक मेलेला देवमासा लागला. तो पाहायला ही गर्दी लोटली! हा देवमासा ब्राइड्स जातीचा. लांबलचक गाणी म्हणणारा तो हा नव्हे. गाणारा म्हणून ज्याची ख्याती आहे तो हंपबॅक, म्हणजे कुबड असलेला देवमासा. आणि तोही आपल्याच अरबी समुद्रात राहतो.

हे गाणे माणसाच्या कानी पडले ते जवळजवळ योगायोगाने. अटलांटिक महासागरातल्या बर्म्युडा बेटाजवळ अमेरिकेच्या आरमाराने पाण्याखाली ध्वनिग्राहक सोडले होते. तेथील फ्रँक वॉटलिंग्टन या इंजिनिअरने १९५० नंतरच्या वर्षांत काही विचित्र आवाज फितीवर धरून ठेवले. पुढे त्या फिती रॉजर पेन आणि केटी पेन या दांपत्याच्या हाती आल्या. नुसत्या कानाला ते कण्हणे, किंकाळ्या आणि घरघर वाटे. पण आवाजाची चित्रे कागदावर उमटवून शेजारी शेजारी मांडली, तेव्हा तोच आकार पुन्हा पुन्हा दिसू लागला. १९७१ साली रॉजर पेन आणि स्कॉट मॅक्व्हे यांनी हा शोध छापून प्रसिद्ध केला.

या गाण्याची बांधणी भजनासारखी समजा. काही स्वर मिळून एक ओळ होते. ती ओळ अनेकदा घोळवली, की एक कडवे. अशी काही कडवी ठराविक क्रमाने म्हटली, की गाणे पुरे. त्याला सात मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत वेळ लागतो. आणि ते संपले, की पठ्ठ्या पुन्हा पहिल्या कडव्यावर! असे तासन्‌तास चालते.

गातो तो नर, आणि गातो मुख्यतः विणीच्या हंगामात. तेव्हा गाणे मादीसाठी असावे, असे आपण चटकन म्हणून टाकतो. पण गाणाऱ्याकडे मादी पोहत आल्याचे क्वचितच दिसते. बहुतेक वेळा येतो तो दुसरा नर, आणि मग गाणे थांबते. म्हणून काही अभ्यासक म्हणतात, की हे नरांनी एकमेकांना अजमावणे आहे. दोन्ही कामे एकाच गाण्याने होत असतील, असेही मानणारे आहेत. वाद अजून मिटलेला नाही.

आता अर्थाचा प्रश्न. त्यासाठी ऑस्ट्रेलियात काय घडले ते पाहा. एका भागातले सगळे नर एका वेळी एकच गाणे म्हणतात आणि ते सावकाश, थोडे थोडे बदलत जाते. पण १९९६ साली पूर्व किनाऱ्यावरच्या ८२ गायकांपैकी दोघेजण निराळेच गाणे म्हणताना आढळले. ते होते पश्चिम किनाऱ्यावरच्या कळपांचे गाणे. कोणी पाहुणा ते घेऊन आला असावा. पुढच्या वर्षी ते झपाट्याने पसरले, काहीजण जुन्या-नव्याची मिसळही गाऊ लागले, आणि १९९८ मध्ये जुने गाणे ऐकूच येईना. शिक्षक मित्रहो, यातला मुद्दा ध्यानात घ्या. देवमाशांचे जगणे तेच राहिले, विणीचा हंगाम तोच राहिला, गाणे मात्र सबंध बदलले. एकेका ओळीला आपल्या शब्दासारखा पक्का अर्थ असता, तर असे झाले असते का? मला तरी वाटत नाही.

२०२५ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. तान्हे मूल कोणत्या आवाजामागून कोणता आवाज येतो हे हेरून शब्द वेगळे काढते. त्याच रीतीने न्यू कॅलेडोनियाजवळच्या आठ वर्षांच्या गाण्यांचे तुकडे पाडले. आपल्या बोलण्यात ‘आहे’, ‘आणि’ सारखे थोडे शब्द सतत येतात आणि बाकीचे क्वचित येतात, तशीच वाटणी त्या तुकड्यांतही निघाली. मात्र ही वाटणी गाणे ऐकून शिकण्याची खूण आहे. तिच्यावरून अर्थ असल्याचे सिद्ध होत नाही, हे संशोधकांनीच सांगितले आहे.

आपल्या समुद्रातले हंपबॅक इतरांसारखे दूरच्या थंड पाण्यात जात नाहीत. त्यांचे खाणे आणि विणे येथेच होते. १९६५-६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी अरबी समुद्रात यांतले २४२ मारले. पुढे ओमानच्या किनाऱ्याजवळ अंदाज घेतला, तेव्हा ते सुमारे ८२ च भरले. इतके थोडे जीव एवढ्या मोठ्या पाण्यात विखुरले, तर दूरवर जाणाऱ्या आवाजाचाच आधार. त्यात जहाजांच्या पंख्यांची घरघर खालच्या सुरातली, म्हणजे त्यांच्या गाण्यातले खालचे सूर बुडवणारी.

मार्च २०१७ मध्ये गोव्याच्या ग्रांडे बेटाजवळ पाण्याखाली ठेवलेल्या यंत्राने हंपबॅकचे गाणे टिपले. त्याच वर्षाच्या अखेरीस ओमानजवळ ‘लुबान’ नावाच्या एका मादीच्या पाठीवर खूणयंत्र बसवले होते. ती अरबी समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्याकडे आली आणि परत गेली. यंत्र फक्त तिचे ठिकाण कळवत होते. वाटेत तिने कोणाचे गाणे ऐकले का, हे त्याला सांगता येण्याजोगे नव्हते.