परभाषेची कार्यपत्रिका : क्रियापदांचा तक्ता आणि नामांचे लिंग कोणासाठी आले?

जर्मन किंवा फ्रेंचच्या प्राथमिक वर्गात तुम्हाला मिळणारी कार्यपत्रिका डोळ्यांसमोर आणा. वर क्रियापदाचे मूळ रूप, खाली मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते अशा सहा ओळी. शेजारी नामांची यादी आणि प्रत्येक नामामागे लिंग दाखवणारा छोटा शब्द. अशी पाने मातृभाषेसाठी सहसा लागत नाहीत. ‘तो वाडा, ती वाट, ते झाड’ हे मराठी मूल तक्त्यावाचून शिकते. मग तक्त्याची खरी गरज कोणाला पडली? त्याचे उत्तर रोमन साम्राज्याच्या पूर्व भागात सापडते.

चौथ्या शतकात रोममध्ये दोनातुस या शिक्षकाने लॅटिन व्याकरणाचे एक छोटे प्रश्नोत्तरी पुस्तक लिहिले. त्यात मोजकी नामे चालवून दाखवली आहेत आणि क्रियापद एकच, ‘लेगो’ म्हणजे ‘मी वाचतो’. लॅटिनमध्ये जर्मनसारखे उपपद नाही, म्हणून लिंग दाखवण्यासाठी त्याने नामाआधी ‘हिक, हाएक, होक’ (हा, ही, हे) लावले. एवढे थोडके पुरत असे, कारण त्याच्या विद्यार्थ्यांच्या घरी लॅटिनच बोलली जाई. बाकीची रूपे त्यांच्या तोंडात होतीच.

आता बैरुतकडे वळू. तिथे रोमन कायद्याचे प्रसिद्ध विद्यालय होते. विद्यार्थी ग्रीक बोलणारे तरुण, पण कायदा लॅटिनमध्ये. तिसऱ्या शतकात पोंतुस प्रांतातील ग्रेगोरी (पुढे तो बिशप झाला) याच अभ्यासासाठी निघाला होता. ही भाषा आपल्याला फार जड गेली असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसवर अशा शिकणाऱ्यांचे साहित्य आजही पाहता येते : एका स्तंभात लॅटिन शब्द, शेजारी त्याचा ग्रीक अर्थ.

अडचण नेमकी कुठे होती, ते त्याच ‘लेगो’वरून पाहा. लॅटिन लिपीत असेच दिसणारे दुसरे एक क्रियापद आहे, ‘मी मृत्युपत्राने देतो’ या अर्थाचे. उच्चारात एकाचा ‘ए’ आखूड, दुसऱ्याचा लांब. लिहिताना मात्र दोन्ही सारखेच. फरक पुढच्या रूपात कळतो. ‘तू वाचतोस’ म्हणजे ‘लेगिस’, ‘तू मृत्युपत्राने देतोस’ म्हणजे ‘लेगास’. पण गुंता इथे संपत नाही. वाचण्याच्या क्रियापदाचे ‘तू वाचावेस’ हे रूपही ‘लेगास’च लिहिले जाते. म्हणजे चुकीचा गट धरला तर हाती अशुद्ध शब्द येत नाही, दुसऱ्याच अर्थाचा शुद्ध शब्द येतो, आणि चूक डोळ्याला दिसत नाही. वारसाहक्काचा कायदा वाचणाऱ्याला हे परवडणारे नव्हते.

यावर उपाय म्हणजे क्रियापद एका रूपावर न शिकता त्याचा गट सांगणारे रूपही सोबत शिकणे : ‘लेगेरे’ म्हणजे वाचणे, ‘लेगारे’ म्हणजे मृत्युपत्राने देणे. तुमच्या कार्यपत्रिकेच्या माथ्यावर मूळ रूप असते, तेही हेच काम करते. सहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे ग्रीक शहरात, एउतिकेस या व्याकरणकाराने क्रियापद कोणत्या गटाचे हे कसे ओळखावे यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. जन्माने लॅटिन बोलणाऱ्याला तो प्रश्न पडलाच नसता.

लिंगाची गोष्ट थोडी वेगळी. ग्रीकमध्येही तीन लिंगे आहेत, आणि धोका तिथेच आहे. शिकणारा आपले लिंग सोबत घेऊन येतो. झाडाला ग्रीकमध्ये ‘देन्द्रोन’ म्हणतात, ते नपुंसकलिंगी. लॅटिनचे ‘आर्बोर’ स्त्रीलिंगी. ग्रीक सवयीने विद्यार्थी ‘आर्बोर माग्नुम’ लिहील, हवे मात्र ‘आर्बोर माग्ना’ (मोठे झाड). मराठीत झाड नपुंसकलिंगी, हिंदीत ‘पेड़’ पुल्लिंगी, जर्मनमध्ये ‘डेअर बाउम’ पुन्हा पुल्लिंगी. बंगाली विद्यार्थ्याच्या भाषेत नामाला व्याकरणिक लिंगच नाही, त्यामुळे त्याला विसरण्यासारखे काही नसते, पण सगळे नव्याने पाठ करावे लागते. झाडाच्या रूपात लिंग शोधणे व्यर्थ. नाम पाठ करतानाच त्याचा ‘हाएक’ किंवा ‘डेअर’ सोबत पाठ करावा लागतो.

पाचव्या शतकापासून बैरुतमधील अध्यापन ग्रीकमध्ये होऊ लागले आणि इसवी सन 551 च्या भूकंपात शहर उद्ध्वस्त झाले. पूर्वेत लॅटिन शिकणारे हळूहळू कमी झाले. एउतिकेसचा ग्रंथ मात्र पश्चिमेकडे गेला. नवव्या शतकात सेदुलियुस स्कोतुस या आयरिश विद्वानाने त्यावर भाष्य लिहिले, कारण तोवर तिथल्या मठांतही लॅटिन ही कोणाचीच मातृभाषा उरली नव्हती.