‘पिवळा दिवा लागला, तरी ऑपरेशन थांबले नाही’

* नेहमीच्या विजेत न्यूट्रल तार जमिनीशी जोडलेली असते. त्यामुळे उपकरणातली फेज तार त्याच्या धातूच्या अंगाला टेकली की प्रवाह अर्थिंगमधून परततो आणि ब्रेकर पडतो. छाती उघडलेली असताना हे परवडत नाही. म्हणून ऑपरेशन थिएटरला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधून वीज देतात. त्यातून निघणाऱ्या दोन्ही तारांपैकी एकही जमिनीला जोडत नाहीत. मग एक तार अर्थला टेकली तरी परतीची वाट नसल्याने प्रवाह नगण्य राहतो आणि यंत्रे चालू राहतात. मात्र आता दुसरीही टेकली, तर ब्रेकर पडणारच.

पहिला दोष वेळीच कळावा यासाठी इन्सुलेशन मॉनिटर. तारा आणि अर्थ यांच्यातला रोध तो सतत मोजतो. रोध ५० किलोओहमच्या खाली गेला की पिवळा दिवा आणि भोंगा. २३० व्होल्टला या रोधातून जेमतेम ४.६ मिलिअँपिअर वाहतील, म्हणजे इशारा बराच आधी मिळतो. भोंगा गप्प करता येतो, दिवा दोष निघेपर्यंत विझत नाही.

या ऑपरेशनमध्ये पिवळा दिवा लागल्यावर भूलतज्ज्ञांनी सलाइन गरम करणाऱ्या यंत्राचा प्लग काढायला सांगितला, कारण सर्वांत शेवटी जोडलेल्या उपकरणावर पहिला संशय. प्लग निघताच हिरवा दिवा लागला, तर दोषी सापडला. व्हेंटिलेटरला मात्र असे काढून पाहत नाहीत. त्याची तपासणी ऑपरेशननंतर. या व्यवस्थेतही कुणाचा हात एकदम दोन्ही तारांना लागला तर झटका बसतोच, आणि मॉनिटरला त्याचा पत्ताही लागत नाही. — संपा.