पट्टीवर उरले २ रुपये ४९ पैसे

१७ फेब्रुवारी २०२३. बार्शी तालुक्यातल्या बोरगावच्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात १० गोण्या कांदा विकला. वजन ५१२ किलो, भाव किलोला १ रुपया. वाहतूक, हमाली आणि तोलाई मिळून ५०९ रुपये ५१ पैसे वजा झाले आणि पट्टीच्या तळाला निव्वळ रक्कम पडली २ रुपये ४९ पैसे. ही पट्टी राज्यभर फिरली, लोक हळहळले. पण हे नुकसान झाले कधी? लिलावाच्या क्षणी, असे सगळे समजतात. प्रत्यक्षात त्याचा बराचसा भाग आदल्या दोन दिवसांतच ठरून गेलेला असतो. खाली दिलेल्या वेळा अशा मालाच्या रोजच्या शिरस्त्याच्या आहेत. रकमा त्या पट्टीवरच्या.

४८ तास आधी : वावरात

फेब्रुवारीतला कांदा म्हणजे लेट खरिपाचा, रांगडा. उन्हाळी गावरान कांदा चाळीत चार-पाच महिने तग धरतो. रांगड्यात पाण्याचा अंश जास्त, मान जाड. ऊन तापू लागले की तो मऊ पडतो, सडतो किंवा त्याला कोंब फुटतात. म्हणून भाव पडला तरी माल थांबवून धरता येत नाही. इथेच पहिला दरवाजा बंद होतो, आणि त्या आठवड्यात तो सगळ्यांचाच एकदम बंद होतो. सगळे एकाच वेळी कांदा उपटतात आणि आवक फुगते.

कांदा उपटून पातीसकट वाळत घालतात. मग बायका ओळीने बसतात. डाव्या हातात कांदा, उजव्या हातात विळा. मानेपासून बोटभर अंतर सोडून पात कापायची, मुळ्या छाटायच्या, कांदा ढिगात टाकायचा. मान फार जवळ कापली तर तिथूनच सड सुरू होते. हे काम उक्ते दिलेले असते किंवा रोजाने, आणि मजुरी संध्याकाळी रोख मोजावी लागते. बाजारात काय भाव मिळणार याच्याशी तिचा संबंध नाही. शिवाय ती पुढे पट्टीवर कुठेच दिसत नाही.

२० तास आधी : निवड आणि बारदान

ढिगाची प्रतवारी होते. मोठा माल बाजूला, गोल्टी वेगळी, जोड कांदा आणि डेंगळे आलेला वेगळा. चांगला माल आधीच्या खेपेत गेलेला असेल, तर मागे राहतो तो उरलासुरला. बोरगावच्या मालाबद्दल व्यापाऱ्याचे म्हणणे हेच होते की प्रत हलकी होती. ते खरे धरले तरी हिशेबातली गोम कायम राहते : हलका कांदा भरायला गोणी तेवढीच लागते, गाडीत जागा तेवढीच लागते आणि हमालाच्या पाठीवर वजनही तेवढेच पडते.

१५ तास आधी : गाडी भरताना

संध्याकाळी गावातून टेम्पो निघतो. पाच-सहा जणांचा माल एकत्र, भाडे गोणीमागे. सोलापूर सुमारे ७० किलोमीटर. बहुतेक वेळा भाडे शेतकऱ्याला लगेच द्यावे लागत नाही. अडत्या ते गाडीवाल्याला देतो आणि पट्टीतून कापून घेतो. ही सोयच पुढे घात करते. खिशातून पैसे जात नाहीत, म्हणून आकडाही डोळ्यांपुढे येत नाही.

त्या पट्टीवरची सगळी कपात १० गोण्यांवर वाटली तर गोणीमागे जवळजवळ ५१ रुपये येतात. गोणीचे वजनही ५१ किलो. म्हणजे माल गावातून हलवून तोलून द्यायलाच किलोमागे १ रुपया लागतो. भाव १ रुपया मिळाला तर हाती काही येणार नाही, हे गाडी भरतानाच ठरलेले होते. माघार घ्यायची शेवटची स्वस्त वेळ हीच.

८ तास आधी : यार्डात

पहाटे गाडी यार्डात लागते. हमाल गोण्या उतरवतात, अडत्याच्या गाळ्यापुढे थप्पी लावतात. उतराईची हमाली लागू झाली, तोलाई लागणारच. इथून माल परत न्यायचा तर पुन्हा चढाई, पुन्हा भाडे.

२ तास आधी : लिलाव

नमुन्याची गोणी फोडून कांदा ओततात. खरेदीदार दोन-चार कांदे उचलतात, मान दाबून पाहतात, पत्ती सुटली आहे का बघतात. मिनिटभरात बोली संपते. भाव पटला नाही तर नकार द्यायचा हक्क शेतकऱ्याला आहे. पण नकार दिला की परतीचा खर्च आणि उद्या आणखी मऊ पडलेला कांदा, दोन्ही त्याच्याच पदरी. म्हणून तो मान हलवतो.

२०१६ पासून राज्यात फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून नव्हे, खरेदीदाराकडून घ्यायची आहे. पट्टीत अडत कापलेली दिसली तर तिथेच हरकत घ्यावी. मात्र खरेदीदार बोली लावताना आपल्या डोक्यावरची अडत धरूनच भाव बोलतो, हेही लक्षात ठेवावे.

शून्य : पट्टी

पट्टीवरची कपात वजनावर आणि गोणीवर असते, मालाच्या किमतीवर नसते. तोच ५१२ किलो कांदा १० रुपयांनी गेला असता तर ५,१२० रुपयांतून ५०९ रुपये गेले असते, म्हणजे दहावा हिस्सा. ५ रुपयांनी गेला असता तर पाचवा हिस्सा. २ रुपयांनी, निम्मी रक्कम. १ रुपयाने, सगळीच. भाव निम्म्यावर आला की शेतकऱ्याची कमाई निम्म्याहून खाली जाते. गाडीवाला, हमाल, तोलार यांना मात्र पूर्ण पैसे मिळतात. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांनी काम केले आहे. पण पडत्या भावाचा सगळा भार एकाच माणसावर येतो.

आणि २ रुपये ४९ पैसे ही त्याची कमाई नव्हेच. पट्टीवर नसलेल्या खर्चातले निव्वळ बारदान घ्या. गोणीला ३० रुपये धरले तरी ३०० रुपये होतात, म्हणजे तो तिथेच २९७ रुपयांनी तोट्यात. काटणी, काढणी, रोप, खत, पाणी अजून धरलेलेच नाही.

१९ दिवसांनंतर : चेक

पैसे विक्रीनंतर २४ तासांत द्यावेत असा नियम असताना त्याला २ रुपयांचा चेक मिळाला, आणि त्यावर पुढची तारीख होती ८ मार्च. ओरड झाल्यावर अडत्याचा परवाना १५ दिवसांसाठी निलंबित झाला. पुढे सरकारने क्विंटलमागे ३५० रुपयांचे अनुदान जाहीर केले, शेतकऱ्यामागे २०० क्विंटलच्या मर्यादेत. त्या ५१२ किलोला ते १,७९२ रुपये होते. पण सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी, ही अट आली आणि नोंद नसलेले अनेक जण अडकले.

अनुदान लिलावानंतर येते, खर्च आधीच झालेला असतो. म्हणून हिशेब गाडी भरण्यापूर्वी मांडला पाहिजे : भाडे, हमाली, तोलाई आणि बारदान यांची बेरीज भागिले गोणीचे किलो. आदल्या दिवशीचा आपल्या प्रतीचा भाव, सर्वांत वरचा नव्हे, या आकड्याच्या खाली असेल तर तो माल गाडीत चढवू नये. मजुरी बुडाली आहेच, निदान भाडे तरी वाचेल. आणि बाजार समित्यांनी एवढे करावे : कपातीपेक्षा कमी किमतीची बोली लागली, तर तो सौदा पुकारू देऊ नये आणि परतीच्या भाड्याची तजवीज समितीने करावी. आज नकाराचा हक्क कागदावर आहे. ज्याच्याकडे परतीचे भाडे नाही त्याला तो वापरताच येत नाही.