तळटीप : पोच किमतीत भाडे आणि हमाली

मूळ मजकुरातील ‘पोच किंमत’ म्हणजे माल दुकानात येऊन पडेपर्यंतची किंमत. बारामतीहून इंदापूरच्या पशुखाद्य दुकानात एका टेम्पोत दोन प्रकारचा माल आला, असे समजा. ५० किलोची ४० पोती सरकी पेंड, प्रत्येकी १,६०० रुपये, आणि ५ किलोच्या २० पिशव्या खनिज मिश्रण, प्रत्येकी ८०० रुपये. भाडे व उतरवायची हमाली मिळून २,५२० रुपये.

एकूण वजन २,१०० किलो, म्हणजे किलोमागे १ रुपया २० पैसे. त्यामुळे पेंडीचे पोते १,६६० रुपयांना आणि मिश्रणाची पिशवी ८०६ रुपयांना पडते. हाच खर्च बिलाच्या रकमेप्रमाणे वाटला, तर पिशवीवर ६ ऐवजी २५ रुपये २० पैसे चढतात. टेम्पोचे भाडे वजनावर ठरले असेल, तर हा बोजा मिश्रणावर टाकणे चूक. विम्याचा खर्च मात्र किमतीवरच वाटावा.

टॅलीत `Appropriate by Qty` निवडून नग मोजले, तर ६० नगांवर सरसकट ४२ रुपये बसतात. पाच किलोच्या पिशवीला पोत्याइतकेच भाडे दिसले की हा घोळ ओळखावा. एकक किलो ठेवले की तो टळतो.

एकूण खर्च तिन्ही रीतींत तोच राहतो, पण ३१ मार्चला मिश्रणाच्या १५ पिशव्या उरल्या असतील, तर किमतीप्रमाणे वाटणी केल्याने शिल्लक साठा २८८ रुपयांनी फुगतो. गिऱ्हाइकाच्या गोठ्यापर्यंतचे भाडे यात धरत नाहीत. तो विक्रीचा खर्च. परत मिळणारा जीएसटीही धरत नाहीत, न मिळणारा धरावा.